काम वाढलं? वाढीव खर्च आणि नवी तारीख ग्राहकाकडून लेखी कशी घ्यायची

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वेबसाइट, बिलिंग सॉफ्टवेअर, डिझाइन अशी कामं स्वतःच्या नावावर घेणारी बरीच नवी मुलं-मुली आता दिसतात. कोटेशन नीट देतात, ॲडव्हान्सही घेतात. गाडी अडते ती मध्येच. काम अर्धं झालेलं असतं, ग्राहकाचा फोन येतो, "तेवढं एक घालून टाका की." आपण "हो, बघतो" म्हणतो. या "बघतो"चा अर्थ ग्राहकाच्या लेखी "ठरलेल्या पैशात, ठरलेल्या तारखेला" असा होतो आणि आपल्या लेखी "पैसे मग बोलू" असा. दोघंही खरंच बोलत असतात. भांडण शेवटच्या बिलाला होतं.

हा लेख त्या फोनपासून ग्राहकाच्या लेखी होकारापर्यंतच्या कामाबद्दल आहे. सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी कामं आपल्याकडे रोज येतात.

उदाहरणातलं मूळ काम

टिळकवाडीत दोघं मिळून वेबसाइट बनवतात. त्यांना चंदगड तालुक्यातल्या एका काजू प्रक्रिया करणाऱ्या मालकांचं काम मिळालं. कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं: १२ पानं, मराठी आणि इंग्रजी, काजूच्या ग्रेड आणि पाकिटांप्रमाणे ४० उत्पादनं, प्रत्येक उत्पादनाखाली चौकशीचा फॉर्म. रक्कम ६०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. पैसे तीन हप्त्यांत, ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, २० टक्के काम दिल्यावर. तारीख ३० जानेवारी.

६ जानेवारीला मालकांच्या भाच्याचा फोन आला. "मामा म्हणतायत, बेळगाव-धारवाडकडचं गिऱ्हाईक वाढलंय, कन्नडमध्येबी करा. आणि लोकांना तिथंच पैसे भरता यावेत. बाकी सगळं मस्त झालंय."

एका दमात दोन बदल सांगितले गेले आणि सांगणारा मालक नाही. इथून पुढे काय करायचं ते आता बघू.

पहिलं काम: त्याच दिवशी फोनचं बोलणं लिहून पाठवा

आकडा काढायला एखादा दिवस लागेल, पण ऐकलेलं लिहायला पाच मिनिटं पुरतात. फोन ठेवल्यावर व्हॉट्सॲपवर असं काहीतरी जावं, आणि ते मालक ज्या ग्रुपवर किंवा नंबरवर आहेत तिथं जावं:

> "नमस्कार मालक. आज दुपारी आपल्या भाच्यांशी बोलणं झालं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: १) साइट कन्नडमध्येही हवी, २) ग्राहकाला साइटवरच पैसे भरता यावेत. या दोन्ही आपल्या कोटेशनमध्ये नाहीत. किती खर्च आणि किती दिवस वाढतील ते उद्या संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो. तोपर्यंत ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे चालू आहे. माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर कळवा."

या संदेशात पैशाचा आकडा नाही, तरी तो वजनदार आहे. हे कोटेशनच्या बाहेरचं आहे, हे पहिल्याच दिवशी, गोडीगुलाबीत सांगून झालं. आठ दिवसांनी तेच वाक्य तक्रारीसारखं ऐकू येतं. दुसरं, "मूळ काम चालू आहे" हे सांगितल्यामुळे ३० जानेवारीची तारीख आपोआप सैल पडली असा समज कुणाचाच होत नाही, आपलासुद्धा.

ग्राहकाचा व्हॉइस मेसेज आला असेल तरी हेच करायचं. तीन मिनिटांच्या आवाजी निरोपात नेमकं काय मागितलं ते दोन ओळींत लिहून परत पाठवा. पुढे वाद झाला तर तो निरोप परत ऐकत बसायला कुणालाच सवड नसते.

बदल आहे का, हे आधी स्वतःला विचारा

पत्र लिहिण्याआधी मूळ कोटेशन उघडून बोट ठेवून वाचा. "मराठी आणि इंग्रजी" असं स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे कन्नड हा बदल. "चौकशीचा फॉर्म" लिहिलेला आहे, म्हणजे पैसे भरण्याची सोय हा बदल. इथं शंका नाही.

पण कोटेशनमध्ये नुसतं "उत्पादनांची वेबसाइट" एवढंच लिहिलेलं असतं तर? मग ग्राहक म्हणणार, उत्पादनं विकायलाच तर साइट करतोय. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. अशा वेळी ठामपणे "हे बाहेरचं आहे" म्हणू नका. "कोटेशनमध्ये हे स्पष्ट नव्हतं, आमचा हिशेब चौकशीपुरता होता, पूर्ण सोय करायची तर एवढं वाढेल" असं लिहा आणि थोडं सोसायची तयारी ठेवा. मोघम कोटेशनची किंमत अशीच चुकवावी लागते.

उलट बाजूनेही प्रामाणिक राहायला हवं. आपल्या हातून राहिलेलं, बिघडलेलं दुरुस्त करणं हा बदल नव्हे. त्याचे पैसे लावले की पुढच्या खऱ्या बदलाच्या पत्रावरही ग्राहक संशयाने बघतो.

आकडा काढताना प्रत्येक बदल वेगळा धरा

नवखी मंडळी दोन्ही बदल मिळून एकच रक्कम सांगतात. ग्राहकाला मग घ्या नाहीतर सोडा एवढाच पर्याय उरतो आणि घासाघीस सरळ आपल्या दरावर येते. वेगळे धरले तर तो एक घेऊन एक सोडू शकतो, किंवा नंतर घेऊ शकतो.

कन्नडचं बघा. १२ पानं, दर पानाला साधारण २०० शब्द, म्हणजे २,४००. ४० उत्पादनं, प्रत्येकाचं वर्णन ४० शब्दांचं, म्हणजे १,६००. एकूण ४,००० शब्द. भाषांतर बाहेरून करून घ्यायचं. बेळगावात आपण सगळे कन्नड बोलतो, शाळेत शिकलेलो असतो, पण बोलणं वेगळं आणि विक्रीसाठी छापण्याजोगं लिहिणं वेगळं. भाषांतरकार शब्दाला दीड रुपया घेतो असं धरू, म्हणजे ६,००० रुपये. त्यानंतर तो मजकूर पानात बसवायचा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कन्नड जोडाक्षरांत दुसरं अक्षर ओळीच्या खाली उतरतं, आणि इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलेलं असलं की ते खालून कापलं जातं. बटणावरचा इंग्रजी शब्द एका ओळीत मावतो, कन्नड दोन ओळींत जातो. प्रत्येक पान मोबाइलवर उघडून बघावं लागतं. याला तीन दिवस, दिवसाला २,५०० रुपये, म्हणजे ७,५००. कन्नडचा बदल झाला १३,५०० रुपयांचा.

ऑनलाइन पैशांचं बघा. टोपली, पेमेंट गेटवे जोडणं, पाव किलोच्या पाकिटापासून दहा किलोच्या डब्यापर्यंत वजनाप्रमाणे कुरिअरचा खर्च आपोआप लागणं, ऑर्डरची पावती, परत-रद्दचे नियम सांगणारी पानं, आणि खोट्या ऑर्डरी टाकून सगळं तपासणं. सहा दिवस, १५,००० रुपये.

दोन्ही मिळून २८,५०० रुपये. यात आपण न घेतलेले खर्चही लिहायला हवेत. गेटवे कंपनी प्रत्येक व्यवहारावर आपलं कमिशन कापते. ते ग्राहकाच्या खात्यातून जाणार, आपल्या बिलातून नाही. हे पत्रात नसेल तर पहिल्या महिन्याचा हिशेब बघून मालक आपल्यालाच फोन करणार.

जीएसटीची एक गोष्ट सीमाभागात विसरून चालत नाही. बेळगावातल्या नोंदणीधारकाने चंदगडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ग्राहकाला सेवा दिली तर १८ टक्के आयजीएसटी लागतो. हेच काम खानापूर किंवा निपाणीच्या ग्राहकाचं असतं तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. रक्कम तीच येते, पण पत्रात आणि बिलात चुकीचं नाव पडलं की ग्राहकाचा हिशेबनीस बिल परत पाठवतो आणि पैसे अडकतात. तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर जीएसटीची ओळ घालूच नका. नोंदणीशिवाय तो कर वसूल करता येत नाही.

२८,५०० वर १८ टक्के म्हणजे ५,१३०. एकूण ३३,६३० रुपये.

तारीख ही बेरीज नसते

सर्वात जास्त चुका इथं होतात. नऊ दिवसांचं काम वाढलं म्हणून ३० जानेवारीत नऊ मिळवून ८ फेब्रुवारी लिहून मोकळं होणारे पुढे तोंडघशी पडतात. कॅलेंडर समोर घेऊन एकेक दिवस मोजायचा.

मूळ काम ३० जानेवारीला द्यायचंच आहे, म्हणून वाढीव काम ३१ जानेवारीपासून. रविवार सोडले. ५ आणि ६ फेब्रुवारी दुसऱ्या ग्राहकाला आधीच दिलेले आहेत, तेही सोडले. मग कामाचे नऊ दिवस असे पडतात: ३१ जानेवारी, २, ३, ४ फेब्रुवारी, ७ फेब्रुवारी, ९, १०, ११, १२ फेब्रुवारी. १२ तारखेला आपलं काम संपलं. १३ आणि १४ ला ग्राहकाने बघायचं, १६ ला दुरुस्त्या, १७ फेब्रुवारीला सुपूर्द. भाषांतर जानेवारीतच समांतर होईल, म्हणून त्याचे वेगळे दिवस धरलेले नाहीत. पण ते तसं व्हायचं तर होकार वेळेवर यायला हवा.

८ आणि १७ मध्ये नऊ दिवसांचा फरक पडला, आणि यात आपला आळस एक दिवसाचाही नाही.

पत्रात "१४ कामाचे दिवस" असं न लिहिता थेट तारीख लिहा. आपल्या भागात तर हे फारच गरजेचं. १ नोव्हेंबरला कर्नाटकात सुट्टी, महाराष्ट्रात नाही. तुमचे कामाचे दिवस आणि चंदगडच्या मालकाचे कामाचे दिवस मोजायला बसलात तर दोन वेगळ्या तारखा निघू शकतात.

आणखी एक. काम आधीच आपल्यामुळे चार दिवस मागे असेल, तर ते चार दिवस बदलाच्या पोटात लपवू नका. "आमच्याकडून चार दिवस उशीर, बदलामुळे इतके दिवस" अशा दोन ओळी करा. ग्राहक मूर्ख नसतो. उशीर होतोय हे त्याला दिसत असतंच.

नवी तारीख कशावर टांगलेली आहे ते लिहा

पेमेंट गेटवेचं खातं मालकांच्या नावावर निघणार. त्यांचं पॅन, बँक खातं, जीएसटी क्रमांक लागणार. खाद्यपदार्थ आहे, तर एफएसएसएआयचा परवानाही हाताशी हवा. मंजुरी गेटवे कंपनी देणार, तिच्यावर आपला जोर चालत नाही. म्हणून पत्रात दोन तारखा ग्राहकाच्या बाजूच्या हव्यात: कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची, आणि मंजुरी कधीपर्यंत आली तर आपली तारीख टिकते. त्या पुढे गेल्या तर आपली तारीख तितक्याच दिवसांनी पुढे जाईल, हे सरळ लिहायचं.

अशा अटी दोन-तीनच ठेवा. आठ अटी घातल्या की पत्र वकिलाच्या नोटिशीसारखं दिसायला लागतं, आणि मग मालक "बघून सांगतो" म्हणून बाजूला ठेवतात.

पत्र गेलं, घासाघीस झाली

७ तारखेला वरच्या आकड्यांचं पत्र गेलं. ८ तारखेला मालकांचा फोन: "अठ्ठावीस हजार लई होतात. आपलीच माणसं ना, पंचवीसमध्ये बसवा."

इथं दर कमी करू नका, काम कमी करा. "साडेतीन हजार सोडले" म्हटलं की पुढच्या प्रत्येक आकड्यात साडेतीन हजारांची हवा आहे असं ग्राहक धरून चालतो. त्याऐवजी खर्च कशात आहे ते बघा. वजनाप्रमाणे कुरिअरचा हिशेब आपोआप करण्यात दोन दिवस जातात. त्याऐवजी प्रत्येक ऑर्डरला एकच ठरावीक कुरिअर खर्च लावला तर ते दोन दिवस वाचतात, ५,००० रुपये कमी होतात. मालकांना ते पटलं. दहा किलोचे डबे तसेही घाऊकवाले फोनवरच मागवतात, त्यांच्यासाठी चौकशीचा फॉर्म आहेच. फोन ठेवता ठेवता मालकांनी साइटवर व्हॉट्सॲपचं एक बटणही मागितलं.

आता रक्कम २३,५००, जीएसटी ४,२३०, एकूण २७,७३०. कामाचे दिवस सात, म्हणजे काम १० फेब्रुवारीला संपेल, ११ आणि १२ ला पाहणी, १३ ला दुरुस्त्या, सुपूर्द १४ फेब्रुवारी.

फोनवर ठरलं म्हणून जुन्याच पत्रावर "ओके, २३,५०० फायनल" असा मेसेज टाकून चालणार नाही. रक्कम बदलली, काम बदललं, तारीखही बदलली. पत्र नव्याने काढायचं आणि "७ जानेवारीचं पत्र रद्द" असं त्यात लिहायचं. नाहीतर दोन पत्रं फिरत राहतात आणि जो तो आपल्या सोयीचं काढतो.

अंतिम पत्र असं दिसेल

> विषय: बदल क्र. १ – कन्नड आवृत्ती आणि ऑनलाइन पेमेंट (वेबसाइटचं काम)
>
> दिनांक ८ जानेवारी
>
> नमस्कार मालक,
>
> ६ तारखेला आपण सांगितलेले बदल आणि आजचं फोनवरचं बोलणं यानुसार खालीलप्रमाणे ठरवू या. हे पत्र ७ जानेवारीच्या पत्राच्या जागी आहे. ते रद्द समजावं.
>
> वाढणारं काम
> अ) १२ पानं आणि ४० उत्पादनं कन्नडमध्ये, भाषांतरासह: १३,५०० रुपये
> आ) साइटवर ऑनलाइन पेमेंट, प्रत्येक ऑर्डरला एकच कुरिअर खर्च: १०,००० रुपये
> इ) व्हॉट्सॲपचं बटण: ० रुपये
>
> वजनाप्रमाणे कुरिअरचा खर्च आपोआप काढणं यात नाही. पेमेंट गेटवेचं कमिशन आपण थेट गेटवे कंपनीला द्यायचं आहे.
>
> खर्च
> वाढीव रक्कम २३,५०० + १८% आयजीएसटी ४,२३० = २७,७३० रुपये (सत्तावीस हजार सातशे तीस).
> मूळ ७०,८०० धरून कामाची एकूण रक्कम ९८,५३० रुपये.
> वाढीव रकमेपैकी निम्मे, १३,८६५ रुपये, होकारासोबत; उरलेले १३,८६५ वाढीव काम दिल्यावर.
>
> तारीख
> मूळ काम (मराठी, इंग्रजी, चौकशीचा फॉर्म): ३० जानेवारी. यात बदल नाही, आणि त्याचा शेवटचा हप्ता त्या वेळीच देय राहील.
> वाढीव काम: १४ फेब्रुवारी.
>
> ही तारीख टिकायला दोन गोष्टी लागतील: गेटवेसाठी पॅन, बँक, जीएसटी आणि एफएसएसएआयची कागदपत्रं १५ जानेवारीपर्यंत, आणि गेटवेची मंजुरी ३१ जानेवारीपर्यंत. उशीर झाल्यास तारीख तितके दिवस पुढे जाईल.
>
> हा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत आहे. तोपर्यंत होकार आला नाही तर आम्ही मूळ काम ठरल्याप्रमाणे ३० जानेवारीला देऊ आणि वाढीव काम सुरू करणार नाही. कोटेशनमधल्या बाकीच्या सर्व अटी तशाच राहतील.
>
> मान्य असल्यास कृपया असं उत्तर द्यावं: "बदल क्र. १ मान्य. २७,७३० रुपये, वाढीव काम १४ फेब्रुवारी."

एवढंच, एका पानात. यातल्या तीन गोष्टींवर थोडं थांबतो.

शेवटच्या हप्त्याची ओळ. मूळ कामाचे २० टक्के, जीएसटीसह १४,१६० रुपये, ३० जानेवारीला मिळायचे होते. बदल आला की बहुतेक ग्राहकांचा कल "सगळं झालं की एकदम देतो" असा होतो. मग वाढीव काम घेऊन आपणच आपला हप्ता दोन आठवडे लांबवतो, आणि गेटवेची मंजुरी रखडली तर महिनाभर. ही एक ओळ तो रस्ता बंद करते. आणि खरं सांगायचं तर ग्राहकालाही ती बरी पडते, कारण ३० जानेवारीला साइट चालू होते, धंदा थांबत नाही.

शून्य रुपयांची ओळ. व्हॉट्सॲपचं बटण पाच मिनिटांचं, त्याचे काय पैसे घ्यायचे. घेऊ नका. पण लिहा. फुकट दिलेलं कागदावर नसेल तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि "तुम्ही प्रत्येक गोष्टीचे पैसे लावता" हे ऐकून घ्यावं लागतं.

होकार न आल्यास काय होईल ही ओळ. इथं "उत्तर न आल्यास मान्य समजू" असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. नुसत्या गप्प बसण्याला होकार धरून पैसे मागायला गेलात तर ते टिकणं अवघड, आणि संबंध बिघडतो तो वेगळाच. गप्प बसलं तर जुनंच काम, जुन्याच तारखेला. हे साधं आणि न्याय्य आहे.

आकड्यांबद्दल सीमाभागापुरतं एक. पत्र मालकांना वाचता येईल त्या भाषेत लिहा, इथं मराठीत. पण पैसे देणारा हिशेबनीस बऱ्याचदा कन्नड भाषिक असतो, किंवा सीए इंग्रजीत काम करतो. अशा वेळी रक्कम आणि तारीख इंग्रजी आकड्यांत लिहिलेली बरी, आणि एकूण रक्कम एकदा अक्षरांतही.

होकार कुणाचा आणि कसा

भाच्याने सांगितलं म्हणून काम वाढलं, पण कोटेशनवर सही मालकांची आहे. होकार मालकांचाच हवा. भाच्याला दुखवायची गरज नाही: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलंय, फक्त मामांचं एक उत्तर आलं की सुरू करतो." मालकांनीच "यापुढे भाचा ठरवेल" असं लिहून दिलं तर प्रश्नच मिटला.

पीडीएफ ईमेलने पाठवा आणि तीच व्हॉट्सॲपवर टाका. आपल्याकडे ईमेल आठवड्यातून एकदा उघडणारे मालक भरपूर आहेत. उत्तर कुठेही आलं तरी चालेल, पण ते शब्दांत हवं. नुसता अंगठा आला तर तो "वाचलं"चा की "मान्य"चा हे कुणी सांगायचं? अंगठ्यावर लगेच लिहा: "मालक, तेवढं शेवटचं वाक्य कॉपी करून पाठवता का, म्हणजे फाइलला लागेल." वाक्य तयार करून देण्याचं कारण हेच, कष्ट नकोत.

"हो, चालू करा, पैशाचं भेटल्यावर बोलू" हा होकार नव्हे. त्याला उत्तर: "भेटूच मालक. रक्कम ठरली की त्याच दिवशी भाषांतराला देतो. १० तारखेपर्यंत ठरलं तर १४ फेब्रुवारी जमेल." नाही म्हणायचं नाही, तारीख दाखवायची. आणि तोपर्यंत वाढीव कामाला खरोखरच हात लावायचा नाही. भाषांतरकाराला फाइल पाठवून बसलात की घासाघिशीत तुमची बाजू गेली.

समोरासमोर ठरलं, मालकांनी कारखान्यात बसवून चहा पाजून "करून टाका" म्हटलं, तर? बसमध्ये बसल्या बसल्या मेसेज करा: "आत्ता ठरल्याप्रमाणे बदल क्र. १, २७,७३० रुपये, १४ फेब्रुवारी. पत्र सोबत आहे, कृपया मान्य कळवा."

कायद्याचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे ठरलेला करार दोघांच्या संमतीनेच बदलतो. एकट्याने पाठवलेलं पत्र म्हणजे फक्त प्रस्ताव. माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे ईमेल-मेसेजवर ठरलेलं केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही. पण पुरावा म्हणून नुसता स्क्रीनशॉट लंगडा असतो, म्हणून मूळ चॅट पुसू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या आणि चॅट एक्सपोर्ट करून कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. लाखांच्या घरातलं काम असेल तर छापील पत्रावर सही घ्यावी हे उत्तम.

होकार आल्यावर

९ तारखेला मालकांचं वाक्य आलं, १३,८६५ रुपये जमा झाले. आता पोच द्या: "होकार आणि रक्कम मिळाली. भाषांतर आज सुरू. कागदपत्रं १५ पर्यंत." ॲडव्हान्सवरही जीएसटीचा हिशेब लागतो, तेव्हा ती रक्कम आल्याचं सीएला त्याच महिन्यात कळवा.

मग १५ तारीख लक्षात ठेवा. बहुतेकांचं पत्र चोख असतं आणि ते इथं सुटतं. १५ ला पॅन, बँक, जीएसटीचे कागद आले, एफएसएसएआयचा परवाना नाही आला, आपण भिडेपोटी काहीच बोललो नाही, परवाना १९ ला आला आणि १४ फेब्रुवारी हुकली. पत्रातली अट होती, पण ती लागू झाल्याचं आपण सांगितलंच नाही. म्हणून १६ ला सकाळी एक ओळ जायला हवी: "परवाना अजून आलेला नाही. तो येईपर्यंत गेटवेचा अर्ज थांबलाय, त्यामुळे ऑनलाइन पेमेंटची तारीख दिवसाला दिवस पुढे जाईल. कन्नडचं काम चालू आहे." परवाना आला की नवी तारीख आकड्यात कळवा. इथं चार दिवस गेले. १४ नंतर चार कामाचे दिवस मोजले, १५ चा रविवार सोडला, तर १९ फेब्रुवारी येते. कन्नड मात्र १४ लाच द्यायचं.

या मधल्या दिवसांत मालक आणखी काही मागतील, मागतातच. त्याला बदल क्र. २, वेगळं पत्र. क्र. १ उघडून त्यात भर घालू नका. रक्कम हजार-दीड हजाराची असेल तर पूर्ण पत्राची गरज नाही. काम, रक्कम, तारीख असा तीन ओळींचा मेसेज आणि "मान्य" असं उत्तर पुरतं. तारखेवर परिणाम नसेल तरी "तारखेत बदल नाही" हे शब्द लिहाच.

काम दिलं त्या दिवशी "बदल क्र. १ मधली अ, आ, इ तिन्ही कामं मिळाली" एवढं मालकांकडून लिहून घ्या आणि त्यानंतर बिल पाठवा. बिलावर मूळ कोटेशनची तारीख आणि "बदल क्र. १, दि. ८ जानेवारी, मान्य दि. ९ जानेवारी" असा उल्लेख करा, सोबत पत्र जोडा. चंदगडात बसलेल्या हिशेबनिसाला फोनवरचं काही ठाऊक नसतं. त्याच्या हातातल्या कोटेशनवर ६०,००० आहेत आणि बिल येतं त्याहून जास्तीचं. जोडलेलं पत्र बघून तो त्याच दिवशी एंट्री टाकतो.